केक पोचेल तिथपर्यंत

संयोगिताच्या बेकरीला दुकान नव्हतं, पाटी नव्हती आणि हाताखाली कुणी नव्हतं. बेंगळुरात जे. पी. नगरात वडिलांनी बांधलेल्या घराचा वरचा मजला, त्यात स्वयंपाकघराला लागून एक खोली, खोलीत एक दांडगा ओव्हन, एक फ्रीज आणि संयोगिता, झाली बेकरी. केक तीच करायची, खोकी तीच बांधायची, ऑटोवाल्याला पत्ता तीच समजावायची आणि रात्री भांडीही तीच घासायची. दिवसाचं काम आटोपून, अंगात जीव शिल्लक असेल तर, जेमतेम तास-दीड तास हाती लागायचा. त्या तासा-दीड तासात जगाला सांगायचं की बाबांनो, मी इथे आहे, माझ्याकडून केक घ्या.

आणि सांगायच्या जागा तरी किती? फेसबुकचं पान होतं, इन्स्टाग्राम होतं, व्हॉट्सॲप होतं, गूगलच्या नकाशावर नोंद होती, शिवाय घरपोच खाणं पोचवणाऱ्या एका ॲपवरही तिनं नाव घातलं होतं. पाच ठिकाणी पाच तोंडांनी बोलायचं. परिणाम व्हायचा तोच झाला. फेसबुकवर मागच्या संक्रांतीचे तिळाचे कुकीज अजून ताजे म्हणून झळकत होते, आणि त्या ॲपवाल्यांना ऑर्डर आल्याबरोबर अर्ध्या तासात केक हवा असे. आदल्या दिवशी सांगितल्याशिवाय केक न करणारी बाई तो कुठून देणार? वर त्यांचा वाटा कापून गेल्यावर हाती उरायचं ते चिमूटभर मैद्याएवढं.

एरवी हे असंच रडतखडत चाललं असतं. पण त्या वर्षी बेकरीवर एक गोष्ट टांगली गेली होती, आणि ती साधी नव्हती. संयोगिताचा नवरा मुकुल एका सरकारी संशोधन संस्थेत इंजिनियर. मूळचा पुण्याचा. बावीस वर्षं बेंगळुरात काढूनही तो 'आमच्याकडे' म्हणाला की समजायचं, पुण्याबद्दल बोलतोय. संस्थेनं त्याला पुण्याची बदली देऊ केली होती. जानेवारीअखेर हो किंवा नाही कळवायचं होतं. लेक मैसूरला वसतिगृहात, तेव्हा तिची अडचण नव्हती. अडचण संयोगिताची होती. तिचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर या मुलखात उतरलं आणि इथलंच झालं. आईवडिलांच्या मागे हे घर तिच्या नावावर झालेलं. ह्या गावाबाहेर ती कधी राहिली नव्हती आणि तिला राहायचंही नव्हतं.

मुकुल आरडाओरडा करणाऱ्यातला नव्हता. तो हिशेबी माणूस. चहा पिता पिता त्यानं तोडगा काढला.

"हे बघ, तुझी बेकरी वर्षाच्या शेवटी स्वतःच्या पायावर उभी असेल, तर मी नाही कळवतो. फेअर आहे ना? पण नुसता छंदच असेल, तर छंद काय, पुण्यातही करता येईल."

"सरी," संयोगिता म्हणाली. तिच्या तोंडी 'बरं'च्या जागी हेच यायचं. तिला वाटलं, सोपं आहे. केक तर चांगलेच होतात.

मे महिन्यात नणंद आली. श्वेता पुण्यात एका जाहिरात कंपनीत काम करायची आणि माणसांशीही जाहिरातीसारखं बोलायची. तिनं वहिनीचा फोन हातात घेतला, पाचही जागा पाहिल्या आणि कपाळाला हात लावला.

"वहिनी, तू सोलो आहेस. पाच प्लॅटफॉर्म्स तुला झेपणारच नाहीत. दोन ठेव, बाकीचे बंद. आणि केक ही दिसण्याची गोष्ट आहे, सो इन्स्टा इज अ मस्ट. रील्स कर. आठवड्याला चार तरी."

दोन ठेव हे खरंच होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. चुकीचा सल्ला असा अर्धा खराच असतो, म्हणून तर तो गळी उतरतो.

संयोगिताची मावसबहीण रक्षिता खालच्या गल्लीत ब्लाउज शिवून द्यायचं दुकान चालवायची. तिला हे सांगितलं तेव्हा ती सुईत दोरा ओवत होती.

"दोन ठेवायचे खरं अक्का, पण कुठले दोन ते तिनं कशाला सांगायचं? तुझ्या गिऱ्हाइकांनी सांगू दे की. महिनाभर येईल त्याला विचार, माझं नाव कुठं कळालं? व्हॉट्सॲपमध्ये रंगीत लेबलं असतात बघ, त्या माणसाच्या नावाला तसं लेबल लाव. गूगल, ओळखीचे, इन्स्टा. महिन्यानं मोज."

"आणि मग?"

"मग काय, जिथून येतात तिथं बस. आणि एक ध्यानात ठेव. तुझा क्रीमचा केक ऑटोत बसून सहा किलोमीटर जातो. तिकडं लांब सर्जापूर रोडपर्यंत नेलास तर ट्रॅफिकमध्ये त्याची बासुंदी होते. तेव्हा सहा किलोमीटरच्या आतल्या माणसाला तू दिसायला पाहिजेस. बाकीच्यांना दिसून काय उपयोग?"

संयोगितानं जूनभर इमानेइतबारे विचारलं. उत्तर अगदी लख्ख आलं. निम्म्याहून जास्त लोकांनी नकाशावर 'जवळची केकवाली' असं काहीतरी शोधलं होतं, तिथले चांगले अभिप्राय वाचले होते आणि फोन लावला होता. उरलेले बहुतेक कुणाच्या तरी वाढदिवसाला तिचा केक खाऊन, त्यांच्याकडून नंबर घेऊन व्हॉट्सॲपवर आले होते. एकदा आलेला माणूस व्हॉट्सॲपवरच परत परत यायचा. इन्स्टाग्रामचं लेबल दोघातिघांच्याच नावापुढे लागलं. गूगल आणि व्हॉट्सॲप. याहून स्वच्छ कौल कुठल्या देवानंही दिला नसता.

हे तिला कळलं होतं, हे मुद्दाम सांगून ठेवतो. पुढे जे झालं ते अडाणीपणानं झालं असं कुणी म्हणू नये.

जुलैत तिनं श्वेताच्या आग्रहाखातर एक रील केली. मुकुलनं फोन धरला. संयोगिता ओट्याशी उभी राहून रव्याचा केक करून दाखवत होती आणि घरात बोलते तशीच बोलत होती. "आता ह्यात स्वल्प साखर घालायची. जास्ती नको, स्वल्पच. आणि असं हलवत राहायचं. गुठळी होतंय की काय बघत राहायचं. सरी?" एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन उघडला तर आत जत्रा भरलेली. कोल्हापूर, नाशिक, सातारा, पुणं, पुणं आणि पुणं. 'ताई, किती गोड बोलता.' 'स्वल्प साखर! जीव गेला.' 'बेंगलोरची मराठी ऐकून कान तृप्त झाले.' 'अजून बोला ना, केक राहू दे.'

शेवटच्या त्या वाक्यात सगळं आलं होतं. पण ते नीट वाचायला माणूस भानावर असावा लागतो.

संयोगिता भानावर नव्हती, आणि त्याचं कारण बावीस वर्षांपूर्वीचं होतं. लग्न होऊन ती पहिल्यांदा पुण्याला गेली तेव्हा पंगतीत ती म्हणाली होती, "तुम्ही बसा, मी वाढतो." तिच्या माहेरी बायका असंच बोलायच्या. पंगत हसून हसून लोळली. सासूबाईंनी तिथल्या तिथे तिला 'वाढते' म्हणायला लावलं, दोनदा. तेव्हापासून पुण्याला गेली की ती कमी बोलायची. बोलायच्या आधी वाक्य मनात एकदा घोळवून घ्यायची. दोन दशकं जी जीभ तोंडात लपवून ठेवली, तिच्यावर आता अख्खा महाराष्ट्र लट्टू झाला होता. सासूबाईंचा स्वतः फोन आला. "अगं, सोसायटीतल्या सगळ्याजणी तुझं विचारत होत्या. मी सांगितलं, आमचीच सून." फोन ठेवल्यावर संयोगिता ओव्हनसमोरच्या स्टुलावर बसून रडली. सुखानं रडली.

त्या दिवशी तिनं कुठल्या दोन जागा धरायच्या ते ठरवलं. तोंडानं म्हणाली, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप. फेसबुक आणि ते ॲप तिनं बंद केलं, ते योग्यच होतं. गूगल काय, नकाशावर आहेच, त्याला काय रोज खायला घालायचं असतं थोडंच, असं म्हणून तेही सोडलं.

रील म्हणजे एक मिनिटाचा खेळ, असं बघणाऱ्याला वाटतं. करणाऱ्याला विचारा. उजेड दुपारी चांगला, म्हणून दुपारी केक सोडून ती चित्रण करायला लागली. मग कापाकापी, मग गाणं लावणं, मग आलेल्या प्रतिक्रियांना उत्तरं. उत्तरं दिली नाहीत तर लोक रुसतात. व्हॉट्सॲपवर 'शनिवारी सकाळी एक किलो मिळेल का' असं कुणी विचारलं की उत्तर रविवारी जायचं. ज्याला शनिवारी केक हवा होता तो रविवारी उत्तर वाचून काय करणार? पण इन्स्टाग्रामवर साताऱ्याच्या बाईनं 'ताई, आज जेवलात का' विचारलं तर पाच मिनिटांत उत्तर. 'जेवलो की!' आणि खाली हसण्याचा पूर.

रक्षितानं एकदा हटकलं. "तुला व्हिडिओच करायचाय तर कन्नडात कर की अक्का. जे. पी. नगर म्हणून वर लिही. इथल्या माणसाला कळू दे, हे आपल्या बाजूचं आहे."

संयोगितानं तशी एक रील केलीही. तिचं कन्नड मराठीइतकंच सहज. ती रील फार कुणी पाहिली नाही, चारदोनशे लोकांनी पाहिली असेल. तिला ते इतकं लागलं की पुन्हा केली नाही. त्या चारदोनशेंतून दोन ऑर्डरी आल्या, ही गोष्ट मात्र तिच्या मनात टिकली नाही. लाखांची चटक लागलेल्याला दोन हा आकडा दिसतच नाही.

गणपतीला ते सगळे पुण्याला गेले. जाताना तिनं गूगलवरच्या नोंदीत 'तात्पुरतं बंद' असं लावलं, कारण मागच्या वर्षी ती नसताना लोक फोन करून करून वैतागले होते. पुण्यात तिचं काय कौतुक झालं म्हणून सांगू. आरतीनंतर बायका तिच्याभोवती जमल्या. "म्हणा ना, स्वल्प म्हणा." ती म्हणाली. त्या हसल्या. कुणी म्हणालं, पुण्यात कधी सुरू करताय? श्वेतानं तिचे तिथेच चार व्हिडिओ केले. ही बावीस वर्षांपूर्वीचीच पंगत आहे, फक्त आता हसण्याबरोबर टाळ्या आहेत, हे संयोगिताला कळलं नाही. कळलं असलं तरी तिनं ते कळू दिलं नाही.

परत आली ती नव्या रीलच्या नादातच. नोंदीत जाऊन 'चालू' करायचं राहून गेलं.

दसरा गेला, दिवाळी गेली. फोन वाजेनासा झाला होता. तिला वाटायचं, आता लोक फोन करत नाहीत, इन्स्टावर येतात. आणि इन्स्टावर खरोखरच येत होते. 'ताई, नाशिकला पाठवता का?' 'ताई, कोल्हापूरला कुरिअर होईल का?' क्रीमचा केक कुरिअरनं कुठे जातोय? बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. एकदा तिनं हौसेनं बेण्णे बिस्किटांचा, म्हणजे लोण्याच्या खुसखुशीत बिस्किटांचा, डबा पुण्याला पाठवला. तिकडे भुगा पोचला. त्या बाईनं भुग्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'चव मात्र मस्त, स्वल्प चुरा झालाय.' त्यालाही शेकड्यांनी हसणारे मिळाले.

डिसेंबर उजाडला. बेंगळुरात डिसेंबर म्हणजे प्लम केकचा महिना. ख्रिस्ती असो नसो, घरोघर एक प्लम केक येतोच. संयोगितानं दरवर्षीसारखे मनुके, बेदाणे, चेरी ऑगस्टपासूनच द्राक्षाच्या रसात भिजत घातले होते. मागच्या डिसेंबरात ओव्हन थंड पडायला सवड मिळाली नव्हती. ह्या वर्षी महिन्याचा पहिला आठवडा गेला तरी बरण्या भरलेल्याच.

एका संध्याकाळी ती लोणी आणायला खाली उतरली, तर गेटापाशी हेमलताबाई भेटल्या. त्या समोरच्या इमारतीत राहायच्या, मूळच्या नागपूरच्या, आणि पाच वर्षांपासूनचं तिचं पक्कं गिऱ्हाईक. त्यांच्या हातात एक खोकं होतं. निळं, वर पांढरी फीत. संयोगिताची खोकी तपकिरी असायची.

हेमलताबाईंनी खोकं पाठीमागे घ्यायचा प्रयत्न केला. मोठं होतं, लपेना.

"नातवाचा वाढदिवस आहे," त्या ओशाळून म्हणाल्या.

"माझ्याकडं का नाही सांगितलं?"

"अहो, मी तुम्हाला दोनदा मेसेज केला. उत्तर आलं नाही. म्हटलं गावाला असाल. मग मुलानं गूगलवर पाहिलं तर तिथे बंद दाखवत होतं. आम्हाला वाटलं, आता तुम्ही मोठ्या झालात, टीव्हीवर वगैरे जाणार, हे असले किरकोळ केक बंद केले असतील. ही मागच्या रस्त्यावर नवीन मुलगी आहे, ठीक करते." आणि मग, बरं वाटावं म्हणून, "तुमचं मराठी मात्र आम्ही सगळे ऐकतो हं."

संयोगिता लोणी न घेताच वर आली. उभ्याउभ्याच फोन काढला आणि नोंद उघडली. लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, 'तात्पुरतं बंद'. सप्टेंबरपासून. म्हणजे गेले तीन महिने ह्या सहा किलोमीटरांत ज्यानं ज्यानं केक शोधला, त्याला तिनं स्वतःच्या हातानं दार लावून घेतलं होतं. व्हॉट्सॲपमध्ये मागे मागे गेली. न वाचलेले, वाचून राहिलेले, 'अक्का, उद्या मिळेल?', 'मॅडम, एगलेस करता ना?', 'हॅलो?' एकानं तीनदा 'हॅलो' म्हटलं होतं.

तिला स्वतःची इतकी चीड आली की तिनं फोन ओट्यावर पालथा घातला. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागणाऱ्या माणसांना ती आयुष्यभर हसत आली होती.

तिनं दुसऱ्या दिवसापासून काम सुरू केलं. नोंद चालू केली, प्लम केकचे नवे फोटो तिथे घातले, जुन्या गिऱ्हाइकांना अभिप्राय लिहायला विनवलं. व्हॉट्सॲपवर प्रत्येकाला, एकेकाला, माफी मागून लिहिलं. सगळ्यांना एकदम धाडलेला निरोप ज्यांनी तिचा नंबर ठेवलाय त्यांनाच पोचतो, आणि किती जणांनी अजून ठेवला असेल कुणास ठाऊक. रील बंद. साताऱ्याच्या बाईनं 'ताई, रागावलात का' विचारलं. तिनं उत्तर दिलं नाही.

रक्षिता मदतीला येऊन खोकी बांधायची. "तुला मी सांगितलेलं, असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. म्हणालीच की ती. पण रागावून नाही.

हळूहळू फोन वाजायला लागला. आधी एक, मग एक दिवस सोडून एक. नाताळाच्या आठवड्यात थोडी गडबड झाली. पण लोकांनी एकदा दुसरं दार पाहिलं की ते पहिल्या दारी लगेच परतत नाहीत. त्यांचा काय दोष? अर्ध्या बरण्या भरलेल्याच राहिल्या. तिला आणखी चार-सहा महिने मिळाले असते तर बेकरी पहिल्यासारखी झाली असती, हे रक्षितालाही दिसत होतं. पण जानेवारी काही तिच्यासाठी थांबणार नव्हता.

महिना संपायला आला तेव्हा एका रविवारी मुकुलनं लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला. तो तयारीनं बसला होता. त्यानं तिच्याच फोनमधून इन्स्टाग्रामचे आकडे उतरवून घेतले होते.

"मी अगदी ऑब्जेक्टिव्हली बघतोय," तो म्हणाला. "तुझे बघणारे कुठले आहेत, हे बघ. पहिलं पुणे. मग मुंबई, नाशिक, कोल्हापूर, नागपूर. पहिल्या पाचांत बेंगळूर नाहीच."

"ते गिऱ्हाईक नाहीत," संयोगिता म्हणाली.

"मग कोण आहेत?"

ह्या प्रश्नाचं खरं उत्तर तिला येत होतं. माझ्या बोलण्याला हसायला जमलेले लोक आहेत, हे ते उत्तर. पण ते मुकुलसमोर, ज्याच्या घरातली ती पंगत होती त्याच्यासमोर, तोंडातून निघेना.

"डिसेंबरपासून इथल्या ऑर्डरी परत यायला लागल्यात," ती म्हणाली. "गूगलवरनं येतंय माणूस. ते बंद राहिलं होतं म्हणून सगळं बसलं. मला जूनपर्यंत वेळ द्या. जूनपर्यंत नाही झालं तर मी आपण होऊन येते."

"संयोगिता, डील जानेवारीची होती. आणि मी तर तुझ्याच फायद्याचं बोलतोय. तिकडे तुझी ऑडियन्स आयती बसलीय. श्वेता म्हणाली, पहिल्या दिवसापासून चालेल. इथे तू एका नोंदीच्या भरवशावर बसलीयस, जी तीन-चार महिने बंद होती आणि तुला पत्ताही नव्हता."

बोलणं तिथेच संपलं असतं. हिशेबानं तो बरोबर होता, आणि ती भांडणारी नव्हती. पण मुकुलला बरोबर असणं पुरत नसे, त्याला ते नीट मांडायचं असे.

"ऑक्टोबरमध्ये आमच्या लॅबमधला उल्हास मला म्हणालासुद्धा, मिसेसनी बेकरी बंद केली का, गूगलवर तसं दाखवतंय. म्हणजे बघ, बाहेरच्यांना कळत होतं."

संयोगितानं त्याच्याकडे पाहिलं.

"ऑक्टोबरमध्ये?"

"हो. दसऱ्याच्या आसपास."

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

तो खोटं बोलणारा माणूस नव्हता, हीच त्या घरातली पंचाईत होती.

"मला वाटलं, तूच बंद केलं असशील. तू इन्स्टात एवढी रमली होतीस. म्हटलं, कशाला आठवण करून द्या. आणि खरं सांगू? मला वाटलं, बरंच झालं. आपोआप सुटतंय तर सुटू दे. तुला पण सोपं जाईल तिकडे जायला."

एका बोटाचं काम होतं. ऑक्टोबरात कुणी एक वाक्य बोललं असतं तर दिवाळी हातची गेली नसती, डिसेंबर गेला नसता. वाक्य बोलू शकणारा माणूस रोज समोर बसून चहा पीत होता. सुट्टीच्या दिवशी रील काढताना फोन तोच धरायचा, 'जरा डावीकडे सरक, उजेड छान येतोय' म्हणायचा. चूक तिची होती, ती ते नाकारत नव्हती. पण तिच्या चुकीला त्यानं दोन महिने सावलीत ठेवून पाणी घातलं होतं.

"आणि उत्तर?" तिनं विचारलं. "कळवलं?"

"शुक्रवारी मेल टाकला. हो म्हणून. मार्चमध्ये जॉइन व्हायचंय." तो जरा मऊ झाला. "तुला आधी सांगणारच होतो. पण तू वीकेंडच्या ऑर्डरीत होतीस."

ती पडद्यावरचे आकडे बघत राहिली. त्याला वाटलं, पटलं. पुण्यातल्या घराचं तो सांगायला लागला. ओव्हनला गॅलरी बंद करून घेता येईल, श्वेतानं पहिल्या आठवड्यात एक कार्यक्रम ठरवलाय, पन्नास बायका, केक आणि गप्पा, तिकीट लावून. तू फक्त बोलायचंस, तुझ्या त्या भाषेत.

"तुम्ही जावा," संयोगिता म्हणाली.

"म्हणजे?"

"तुम्ही जावा पुण्याला. मी राहतो इथं."

तिनं 'राहतो' म्हटलं, आणि म्हणताना मनात घोळवलं नाही. मुकुलला आधी हसू आलं, ते त्यानं आवरलं.

"वेडेपणा करू नकोस. चार केकांवर घर चालतं का?"

"नाही चालत," ती म्हणाली. ती स्वतःला फसवत नव्हती. चार केकांवर घर चालत नाही, पन्नाशीकडे झुकलेल्या बाईला एकटीनं राहणं सोपं नसतं, लेकीला काय सांगायचं हेही तिला सुचलेलं नव्हतं. रक्षितासुद्धा आधी कपाळाला हात लावील, हे तिला दिसत होतं. "भागवीन म्हटलं नाही मी. राहतो म्हटलं."

"लोक काय म्हणतील?"

"इथले लोक? त्यांना केक वेळेवर मिळाला की ते काही म्हणत नाहीत. तुमच्या तिकडच्यांना तुम्ही सांगा काय सांगायचं ते. पन्नासजणींनी तिकिटं काढलीत ना."

मुकुलनं लॅपटॉप मिटला. त्याला अजून वाटत होतं, संध्याकाळपर्यंत ही निवळेल. बावीस वर्षं ती निवळत आली होती. तो उठून आतल्या खोलीत गेला आणि श्वेताला फोन लावून हळू आवाजात बोलू लागला.

संयोगिता टेबलापाशी तशीच बसून होती. मग तिचा फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडे कुणी बाई कन्नडात विचारत होती, जवळच बाराव्या क्रॉसच्या गल्लीत राहते, नकाशावर नाव सापडलं, येत्या बुधवारी मुलीसाठी अर्धा किलोचा केक मिळेल का, बिनअंड्याचा. संयोगितानं हो म्हटलं. नाव काय लिहायचं ते विचारून घेतलं, बुधवारी किती वाजता हवा तेही विचारलं. बाईनं तिकडून विचारलं, पुढच्या महिन्यात सासऱ्यांची साठी आहे, मोठा केक लागेल, तेव्हा असाल ना तुम्ही?

"असेन," संयोगिता कन्नडात म्हणाली, आणि जिकडून मुकुलचा आवाज येत होता तिकडचं दार तिनं उठून लावून घेतलं.